फोटोतली नको असलेली छोटी वस्तू गिम्पमध्ये काढणे: आधी क्लोन, मग हील

गिम्प पहिल्यांदा उघडणारा बहुतेक जण एकच चूक करतो. फोटोत नको असलेली वस्तू दिसते, हील टूलचं नाव कुठेतरी ऐकलेलं असतं, म्हणून तो ते उचलतो आणि त्या वस्तूवर घासत सुटतो. वस्तू जात नाही. तिच्या जागी तिच्याच रंगाचा एक धुरकट डाग उरतो आणि जितकं घासावं तितका तो पसरतो. मग गिम्प बिनकामाचं ठरतं. खरं तर टूल बरोबर असतं, त्याला दिलेलं काम चुकीचं असतं. वस्तू काढायचं काम क्लोनचं आणि क्लोनने मारलेलं ठिगळ लपवायचं काम हीलचं. हा क्रम पाळला की हाताएवढी वस्तूसुद्धा निघते. पाळला नाही, तर भिंतीवरचा एक डागही त्रास देतो.

इथे एकच उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. फोटो 4000 × 3000 पिक्सेलचा आहे. पुढे हिरवळ आहे, मागे फिकट रंगाची गिलावा केलेली भिंत. हिरवळ आणि भिंत जिथे मिळतात तिथे एक रिकामी निळी प्लास्टिकची बाटली उभी आहे. ती फोटोत साधारण 110 पिक्सेल रुंद आणि 280 पिक्सेल उंच दिसते. वरचा 90 पिक्सेलचा भाग, म्हणजे झाकण आणि मान, भिंतीवर येतो आणि उरलेली बाटली गवतावर. उजवीकडे गवतावर तिची सावली पडली आहे. हे उदाहरण मुद्दाम घेतलं आहे, कारण त्यात सगळ्या अडचणी एका जागी भेटतात: एक सरळ रेघ, एक गुळगुळीत पृष्ठभाग, एक खरखरीत पोत आणि एक सावली.

दोन टूल, दोन स्वभाव

क्लोन हा निव्वळ नकलाकार आहे. तुम्ही दाखवलेल्या जागेचे पिक्सेल उचलतो आणि दुसऱ्या जागी जसेच्या तसे ठेवतो. रंग, उजेड, पोत यांत काही बदल करत नाही. म्हणून उजेडाचा फरक असलेल्या भिंतीवर त्याचं ठिगळ लगेच डोळ्यात भरतं.

हील जरा विचार करतं. तेही दाखवलेल्या जागेचा पोत उचलतं, पण ठेवण्याआधी ब्रशच्या काठावर बघतं: इथे आधीपासून असलेला रंग आणि मी आणलेला रंग यांत फरक किती? काठावर सापडलेला तो फरक ते आतपर्यंत हळूहळू पसरवतं आणि आणलेल्या पोतात मिसळतं. त्यामुळे गोलाचा काठ आजूबाजूशी बेमालूम जुळतो.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे. हीलचा सगळा भरवसा ब्रशच्या काठावर असतो. काठ स्वच्छ जागेवर असेल तर निकाल स्वच्छ येतो. काठ निळ्या बाटलीवर असेल तर हील निळा रंगच ‘इथला खरा रंग’ मानतं आणि आतपर्यंत निळं करतं. बाटली 110 पिक्सेलची आणि ब्रश 40 चा असेल तर प्रत्येक क्लिकचा काठ बाटलीवरच पडतो. तो धुरकट डाग येतो तो इथून.

यातूनच हीलचा नियम निघतो: ब्रश डागापेक्षा थोडा मोठा हवा, पूर्ण डाग त्याच्या आत मावायला हवा, आणि ओढण्यापेक्षा एकेक क्लिक करावं. कॅमेऱ्याच्या सेन्सरवरच्या धुळीचा ठिपका, कपड्यावरचा शिंतोडा, चेहऱ्यावरची पुटकुळी अशा गोष्टींना एवढं पुरतं, तिथे क्लोनची गरजच नाही. आपली बाटली मात्र त्यात बसत नाही. ती मोठी आहे आणि रेघेवर उभी आहे.

काम सुरू करण्याआधी

फोटो उघडल्यावर लगेच `Shift+Ctrl+D` दाबा. लेयरची, म्हणजे फोटोच्या थराची, एक नक्कल वर तयार होते. फक्त `Ctrl+D` दाबलंत तर लेयरऐवजी सगळ्या इमेजचीच नक्कल वेगळ्या टॅबमध्ये उघडते. असं झालं तर तो टॅब बंद करा आणि पुन्हा बरोबर दाबा. लेयरच्या यादीत वरची नक्कल निवडलेली आहे ना, ते बघा. सगळं काम तिच्यावर करायचं आणि खालची मूळ प्रत तशीच ठेवायची. तुलना करायला आणि घोटाळा झाल्यास परत यायला तिचाच उपयोग होतो.

काही ठिकाणी नक्कल न करता वर रिकामा पारदर्शक लेयर घ्यायला सांगतात आणि `Sample merged` चालू करतात, म्हणजे माल दिसणाऱ्या सगळ्या लेयरमधून उचलला जातो. क्लोनसाठी ती पद्धत छान आहे. पण हीलला काठावरचा फरक मोजायला त्याच लेयरवर काहीतरी असावं लागतं, आणि रिकाम्या लेयरवर ते नसतं. सुरुवातीला दोन्ही टूल एकाच लेयरवर चालवायची आहेत, म्हणून नक्कलच बरी.

आता `Shift+Ctrl+S` दाबून फाइल `.xcf` म्हणून ठेवा. गिम्पमध्ये ‘सेव्ह’ म्हणजे हीच फाइल, तिच्यात लेयर टिकतात. जेपीजी शेवटी एकदाच काढायची आहे.

क्लोनसाठी `C` आणि हीलसाठी `H` ही अक्षरं लक्षात ठेवा. नव्या आवृत्त्यांमध्ये टूलबॉक्सात सारख्या कामाची टूल एकाच चौकोनाखाली गोळा केलेली असतात, त्यामुळे हीलचं चिन्ह दिसलं नाही तरी ते गेलेलं नाही, मागे दडलेलं आहे. अक्षर दाबलं की येतं.

टूल निवडल्यावर त्याच्या पर्यायांत एवढं तपासा. `Mode` हे `Normal` हवं, `Opacity` 100. ब्रश गोल हवा. `2. Hardness 050` किंवा `2. Hardness 075` हे तयार ब्रश आपल्या कामाचे आहेत. क्लोनमध्ये `Source` खाली `Image` निवडलेलं हवं. तिथे चुकून `Pattern` असेल तर फोटोवर भलतीच नक्षी उमटते आणि नवशिक्याला ती कुठून आली ते कळत नाही. ब्रश लहान-मोठा करायला `[` आणि `]` या कळा आहेत, किंवा `Size` मध्ये थेट आकडा लिहा. या लेखातले आकडे आपल्या बाटलीच्या मापाने दिले आहेत. तुमची वस्तू दुप्पट मोठी असेल तर ब्रशही त्या हिशेबाने वाढवा.

सोर्स आणि Alignment: इथे सगळे अडखळतात

दोन्ही टूलना आधी सांगावं लागतं की माल कुठून उचलायचा. `Ctrl` दाबून स्वच्छ जागेवर क्लिक करा. मॅकवर `Ctrl` ऐवजी `Cmd`. ते न करता थेट रंगवायला गेलात तर खालच्या पट्टीवर `Set a source image first` असं येतं आणि काहीच घडत नाही.

त्यानंतर प्रश्न येतो `Alignment` चा. तिथे `None` असेल तर माउसचं बटण सोडून पुन्हा दाबलं की दर वेळी माल त्याच मूळ बिंदूपासून उचलला जातो. गवतावर असे पाच स्ट्रोक मारलेत तर एकच झुबका पाच जागी उगवतो. `Aligned` असेल तर पहिल्या क्लिकला सोर्स आणि ब्रश यांच्यात जे अंतर पडलं, तेच पुढे कायम राहतं. ब्रश उजवीकडे सरकला की सोर्सही तेवढाच उजवीकडे सरकतो. क्लोनसाठी `Aligned` ठेवा. हीलमध्ये एकेक क्लिक करायचं असतं आणि एकच स्वच्छ जागा पुन्हा पुन्हा वापरली तरी चालते, म्हणून तिथे `None` सोयीचं पडतं.

`Aligned` चा एक फास आहे. पहिलं क्लिक चुकलं म्हणून `Ctrl+Z` केलंत, तर पिक्सेल परत येतात, पण ठरलेलं अंतर मात्र तसंच राहतं. पुढचं क्लिकही त्याच चुकीच्या अंतराने पडतं आणि माणूस वैतागतो की मी तर बरोबर जागी क्लिक करतोय. म्हणून नेम चुकला की `Ctrl+Z`, मग सोर्सवर पुन्हा `Ctrl`-क्लिक, आणि मग पुन्हा प्रयत्न. ही तिन्ही कामं एका दमात करायची सवय लावून घ्या.

पहिलं काम: रेघ जोडणे

बाटली काढताना सुरुवात गवतापासून किंवा भिंतीपासून करू नका. दोघांच्या मधली रेघ आधी जोडा. डोळा तुटलेली रेघ सगळ्यात आधी पकडतो. शिवाय ती एकदा पक्की झाली की वर काय भरायचं आणि खाली काय, हे आपोआप ठरतं.

झूम 200 टक्के करा, त्यासाठी `2` ही कळ आहे. क्लोन घ्या, ब्रश 50 पिक्सेल, `Hardness` 75. आता सोर्स किती दूर घ्यायचा, त्याचा हिशेब साधा आहे: वस्तूची रुंदी अधिक ब्रशची रुंदी, त्याहून थोडं जास्त. आपल्याकडे 110 अधिक 50 म्हणजे 160, तेव्हा 200 घेऊ. बाटलीच्या डाव्या कडेपासून 200 पिक्सेल डावीकडे, बरोबर रेघेवर, `Ctrl`-क्लिक करा.

हा हिशेब का, तेही बघा. समजा सोर्स फक्त 80 पिक्सेल दूर घेतला. बाटलीच्या डाव्या कडेपासून उजवीकडे रंगवत गेलात की सोर्सचं चिन्हही उजवीकडे सरकतं, आणि 80 पिक्सेल पार झाले की ते बाटलीवरच चढतं. ब्रशखालून पुन्हा निळी बाटली उगवायला लागते. तुम्ही डावी बाजू त्याच स्ट्रोकमध्ये झाकली असली तरी उपयोग नाही, कारण त्या लेयरवर स्ट्रोक सुरू होताना जे चित्र होतं त्यातूनच माल उचलला जातो. रंगवताना एक डोळा सोर्सच्या चिन्हावर ठेवायचा, तो यासाठीच.

आता ब्रशचा मध्य बाटलीच्या डाव्या कडेला, जिथे रेघ बाटलीमागे जाते बरोबर तिथे, आणा. एकच क्लिक करा आणि थांबा. नव्याने आलेली रेघ जुन्या रेघेला मिळाली का? एखाद-दोन पिक्सेल वर-खाली असेल तर पायरी दिसते. तसं असेल तर वर सांगितल्याप्रमाणे परत करा. जुळलं असेल तर त्याच अंतराने पुढे उजवीकडे क्लिक करत बाटलीची दुसरी कड गाठा.

रेघ तिरकी असेल तर? बहुतेक फोटोंत ती थोडी तिरकीच असते. घाबरायचं कारण नाही. सोर्स आणि पहिलं क्लिक दोन्ही त्याच रेघेवर असतील तर त्यांच्यातलं अंतरही रेघेच्याच तिरकसपणाने जातं आणि रेघ स्वतःवर सरकत पुढे जाते. पहिल्या क्लिकला इतकं महत्त्व आहे ते यामुळे. लांब रेघ एका दमात भरायची असेल तर पहिल्या टोकाला क्लिक करा आणि `Shift` दाबून दुसऱ्या टोकाला क्लिक करा. मधला पट्टा सरळ रेषेत रंगतो.

उजव्या कडेला पोचल्यावर रेघ दोन-तीन पिक्सेलने हुकते असं कधी कधी दिसतं. लेन्समुळे रेघ किंचित वाकलेली असली की असं होतं. मग अर्धी बाजू डावीकडून आणि अर्धी उजवीकडून सोर्स घेऊन भरा. चूक मधोमध वाटली जाते आणि एका टोकाला साचत नाही.

दुसरं काम: भिंत

रेघेच्या वर आता बाटलीची मान आणि झाकण उरलं आहे. इथे गिलावा आहे, पोत बारीक आहे, पण उजेड डावीकडून उजवीकडे हळूहळू कमी होतो. क्लोनने सगळं डावीकडूनच भरलं तर उजव्या कडेला उजळ ठिगळाची उभी कड दिसेल. म्हणून ब्रश 60, `Hardness` 50 करा, बाटलीचा डावा अर्धा भाग डावीकडच्या भिंतीने भरा आणि उजवा अर्धा उजवीकडच्या भिंतीने. सोर्स त्याच उंचीवर घ्या, कारण भिंत खाली, जमिनीजवळ, बहुधा थोडी काळपट आणि मळकट असते. वरची स्वच्छ भिंत तिथे आणलीत तर डाग न दिसणं हीच खूण होऊन बसेल.

आता भिंतीच्या मधोमध एक फिकट उभी जोडरेघ दिसते. हीलची पाळी इथे येते. `H` दाबा, ब्रश 50, आणि बाटलीपासून दूर असलेल्या स्वच्छ गिलाव्यावर `Ctrl`-क्लिक करा. जोडरेघेवर वरून खाली एकेक क्लिक करत या, प्रत्येक क्लिक मागच्यावर अर्धं चढेल असं. हील डाव्या काठाचा उजळपणा आणि उजव्या काठाचा काळपटपणा बघतं आणि मधे हळुवार उतार तयार करतं. कड विरघळते.

पण खाली येताना गवताच्या रेघेपासून दूर थांबा. ब्रश 50 चा, म्हणजे त्याची त्रिज्या 25. ब्रशचा मध्य रेघेपासून 30 पिक्सेलच्या आत गेला की काठ गवताला शिवतो आणि भिंतीत हिरवट-काळी झाक चढते. तशी झाक दिसली की पुन्हा त्याच जागी हील मारून ती जात नाही, उलट वाढते. `Ctrl+Z` करा, ब्रश 20 वर आणा आणि रेघेपासून 12-13 पिक्सेलपर्यंत त्यानेच काम करा. शेवटची पट्टी क्लोनवरच सोडून द्या. तेवढ्या अरुंद पट्टीत उजेडाचा फरक कोणाला दिसत नाही.

आणखी एक गोष्ट जवळून बघा. बाटली निळी असेल तर तिच्या दोन्ही बाजूंना भिंतीवर 15-20 पिक्सेलपर्यंत निळसर उजेड सांडलेला असतो. बाटली गेली आणि हा सांडलेला रंग राहिला तर फोटोत काहीतरी खटकतं, काय ते सांगता येत नाही. त्यामुळे भिंत भरताना बाटलीच्या कडेवर न थांबता 20 पिक्सेल बाहेरपर्यंत जा.

तिसरं काम: गवत आणि सावली

गवतावर हीलचं काम कमी, क्लोनचं जास्त. पोत खरखरीत असल्यामुळे उजेडातला बारीक फरक त्यातच लपतो. इथे मुख्य शत्रू दोन: पुनरावृत्ती आणि चुकीचं अंतर.

अंतराचं असं: कॅमेऱ्याजवळचं गवत मोठं दिसतं आणि दूरचं बारीक. बाटलीच्या तळाशी भरायला खालचं, म्हणजे पुढचं, गवत आणलंत तर पाती आजूबाजूच्या पात्यांपेक्षा मोठी दिसतील. म्हणून सोर्स नेहमी त्याच आडव्या पट्ट्यातून, डावीकडून किंवा उजवीकडून घ्या. वरून-खालून नाही.

ब्रश 70 करा, `Hardness` 50 ते 60. अगदी मऊ ब्रश गवतावर घेऊ नका. मऊ काठावर दोन गवतं अर्धी-अर्धी एकमेकांत मिसळतात आणि एक धुरकट कडं उरतं. उलट 100 टक्के कडक ब्रशने गोल-गोल कापलेले तुकडे दिसतात. छोटे, पात्यांच्या दिशेने जाणारे स्ट्रोक मारा आणि दर दोन-तीन स्ट्रोकनंतर नवा सोर्स घ्या. एकदा डावीकडचा, एकदा उजवीकडचा, कधी जरा लांबचा. सोर्स निवडताना ठळक खुणा टाळा: पिवळं पान, खडा, फूल, जाड काडी. तेच पिवळं पान दोन जागी दिसलं की बघणाऱ्याला सगळा खेळ कळतो. आलंच तर त्यावर साध्या गवताचं एक क्लिक टाका.

मग सावली. ती काढायची राहून जाते हे नवशिक्याच्या फोटोतलं सगळ्यात मोठं हसू. बाटली नाही आणि सावली आहे! सावलीचा मधला गडद भाग क्लोनने, शेजारच्या उन्हातल्या गवताने भरा, पण पुन्हा त्याच आडव्या पट्ट्यातल्या. सावलीचा काठ मऊ असतो, त्यामुळे गडद भाग गेल्यावर भोवती 10-15 पिक्सेलची फिकट काळपट किनार उरते. आता हील घ्या, ब्रश 50, म्हणजे किनारीपेक्षा बराच मोठा, आणि किनारीवर एकेक क्लिक करत फिरा. दोन्ही बाजूंचा काठ उन्हातल्या गवतावर पडतो, म्हणून किनार उजळते आणि पोत तसाच राहतो. गडद सावली अजून शाबूत असताना हे करायला गेलात तर काठ सावलीवर पडेल आणि काळेपणा पसरेल. क्रम इथेही तोच: आधी क्लोन, मग हील.

पारदर्शक बाटलीच्या सावलीत प्लास्टिकमधून गेलेल्या उजेडाचा एक चकचकीत ठिपका किंवा रेघ असते. तीही शोधा. ती सावलीपेक्षा थोडी लांब, बाटलीपासून दूरच्या टोकाकडे सापडू शकते.

झालं की नाही ते कसं ओळखायचं

200 टक्क्यांवर काम करताना सगळं बरं वाटतं किंवा सगळं वाईट वाटतं, आणि दोन्ही खोटं असतं. `Shift+Ctrl+J` ने पूर्ण फोटो खिडकीत बसवा आणि बघा. मग `1` दाबून 100 टक्क्यांवर एकदा. लेयरच्या यादीत वरच्या नकलेसमोरच्या डोळ्याच्या चिन्हावर क्लिक करून ती लपवा, पुन्हा दाखवा. बाटली असलेला आणि नसलेला फोटो आळीपाळीने येतो. या चालू-बंद करण्यात बाटलीच्या जागेखेरीज दुसरं काही हलताना दिसलं तर तिथे चुकून ब्रश लागला आहे.

भिंतीवरच्या ठिगळाची शंका असेल तर एक युक्ती आहे. `Colors` मेन्यूतून `Curves` उघडा, रेघ खूप उभी करा, म्हणजे कॉन्ट्रास्ट अवाच्या सवा वाढेल, आणि भिंत बघा. जे ठिगळ साध्या डोळ्याला दिसत नव्हतं ते ढगासारखं उठून दिसतं. बघून झालं की `Cancel` दाबा, `OK` नाही. कुठे हील हवं आहे ते आता कळलेलं असतं. मात्र अशा कॉन्ट्रास्टमध्ये अगदी काहीच दिसू नये असा हट्ट धरू नका, मूळ भिंतसुद्धा त्यात डागाळलेली दिसते.

पुनरावृत्ती शोधायला `View` मेन्यूतून चित्र आडवं उलटवून बघा. यात फक्त दृश्य उलटतं, फोटो नाही. तासभर बघून डोळा सरावलेला असतो, आरशातल्या चित्रात तो नव्याने बघतो आणि जुळे झुबके लगेच सापडतात.

टूल चालतच नसेल तर

ब्रश फिरतो पण काही उमटत नाही, या तक्रारीमागे बहुधा तीनच कारणं असतात. एक, कुठेतरी आधी केलेलं सिलेक्शन राहून गेलं आहे आणि तुम्ही त्याच्या बाहेर रंगवताय. `Shift+Ctrl+A` ने ते काढा. दोन, लेयरच्या यादीत खालची मूळ प्रत निवडली गेली आहे. रंग तिच्यावर लागतो, वरच्या नकलेआड झाकला जातो आणि तुम्हाला काहीच दिसत नाही. हे सगळ्यात वाईट, कारण जपून ठेवलेली मूळ प्रत नकळत खराब होते. लक्षात येताच `Ctrl+Z` करत मागे या. तीन, फाइल जीआयएफ किंवा मोजक्या रंगांची पीएनजी आहे. तशा इमेजवर हील चालतच नाही. `Image > Mode > RGB` करा, मग चालेल.

फाइल काढणे

आधी `Ctrl+S` ने `.xcf` ठेवा. मग `Shift+Ctrl+E`, नाव नवीन द्या, शेवटी `.jpg` लिहा आणि `Quality` 90 ते 95 ठेवा. `.xcf` अजून ठेवलेली नसेल तर फाइल मेन्यूत मूळ फाइलवरच लिहिणारा `Overwrite` हा पर्यायही दिसतो. त्याला हात लावू नका. महिन्याने गवतातलं एखादं जुळं पान दिसलं तर दुरुस्ती जेपीजीवर न करता `.xcf` उघडून करा. जेपीजी दर वेळी नव्याने दाबली जाते आणि बारीक पोत थोडा थोडा झडत जातो. हीलला तर तोच पोत उचलायचा असतो.

ही पद्धत कुठे थकते तेही ओळखून ठेवा. वस्तूच्या आसपास तिच्या दुप्पट तरी स्वच्छ जागा नसेल तर क्लोनला माल मिळत नाही. दूर जाताना लहान होत जाणाऱ्या फरशीच्या चौकटी असतील तर साधा क्लोन माप चुकवतो, तिथे त्याच्याच शेजारचं `Perspective Clone` शिकावं लागतं. आणि वस्तू एखाद्याच्या चेहऱ्यावर किंवा हातावर आडवी आली असेल, तर तिच्यामागे काय होतं ते फोटोत कुठेच नसतं. तिथे फोटो कापून चौकट बदलणं हाच बहुधा बरा मार्ग.